भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने दस्तऐवज स्कॅन करणे

भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने दस्तऐवज स्कॅन करणे म्हणजे कागदाचे मोबाइल फोनने छायाचित्र घेऊन, त्यातील कागदाच्या कडा ओळखून, बाहेरचा भाग कापून, तिरका दिसणारा कागद सरळ आयताकृती करून आणि त्यावरील प्रकाश एकसारखा करून त्याची पीडीएफ फाइल तयार करणे होय. यातील छायाचित्र घेण्याचे काम मनुष्य करतो. कडा शोधणे, कागद सरळ करणे आणि रंग सुधारणे ही कामे फोनमधील स्कॅनिंग ॲप करते. छायाचित्रात जे टिपले गेलेले नाही, ते ॲपला नंतर निर्माण करता येत नाही. त्यामुळे स्कॅनची प्रत मुख्यतः कागद कशावर ठेवला, प्रकाश कोठून आला आणि फोन किती अंतरावर धरला यांवर अवलंबून असते.

देवनागरी मजकुराच्या बाबतीत ही गोष्ट विशेष जाणवते. अनुस्वाराचा टिंब, 'ष' या अक्षरातील तिरकी रेघ, 'र'चे रफार रूप या खुणा आकाराने लहान असतात आणि सदोष स्कॅनमध्ये सर्वप्रथम त्याच नाहीशा होतात. 'शिंदे' हे आडनाव अशा प्रतीत 'शिदे' असे दिसू शकते आणि '९' हा अंक '१' सारखा वाचला जाऊ शकतो. अर्ज तपासणाऱ्या व्यक्तीसमोर मूळ कागद नसतो, केवळ ही प्रत असते.

## सपाट काचेचा स्कॅनर आणि कॅमेरा यांतील फरक

कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या सपाट काचेच्या स्कॅनरमध्ये कागद काचेवर पालथा ठेवून वरून झाकण लावले जाते. काचेखालून प्रकाशाची पट्टी आणि संवेदक एकत्र सरकत जातात आणि कागद ओळीओळीने वाचला जातो. या रचनेमुळे तीन गोष्टींची हमी आपोआप मिळते: झाकणाच्या दाबाने कागद सपाट राहतो, संवेदकाचे कागदापासूनचे अंतर सर्वत्र समान असते आणि प्रत्येक ओळीवर सारखाच प्रकाश पडतो.

फोनच्या कॅमेऱ्याला यांपैकी एकही हमी नसते. कागद सुरकुतलेला असू शकतो, फोन तिरका धरला गेल्यास कागदाचा एक भाग जवळ व दुसरा दूर राहतो, आणि प्रकाश खोलीत असेल तसा पडतो. यांपैकी तिरकेपणा आणि प्रकाशातील सौम्य फरक ॲपला बऱ्याच अंशी दुरुस्त करता येतो. कागदाच्या सुरकुत्या, गडद सावली, चकाकी आणि अस्पष्टता मात्र त्याला दुरुस्त करता येत नाही. पुढील विभागांत या गोष्टींचा क्रमाने विचार केला आहे.

## अंतर आणि विभेदन

स्कॅनची सूक्ष्मता एका इंचात किती पिक्सेल आहेत या मापाने सांगितली जाते. या मापाला विभेदन म्हणतात. मुद्रित मजकुरासाठी दर इंचाला ३०० पिक्सेल हे सर्वसाधारणपणे उत्तम आणि २०० पिक्सेल हे पुरेसे मानले जाते. कॅमेऱ्याच्या बाबतीत विभेदन हे कागदाने चौकटीचा किती भाग व्यापला आहे यावर ठरते.

१२ मेगापिक्सेलच्या छायाचित्रात लांब बाजूवर सुमारे ४००० आणि आखूड बाजूवर सुमारे ३००० पिक्सेल असतात. ए४ कागद २१० मिमी रुंद आणि २९७ मिमी, म्हणजे ११.७ इंच, लांब असतो. या कागदाने चौकटीच्या लांब बाजूचा ८५ टक्के भाग व्यापला, तर त्याच्या लांबीवर ३४०० पिक्सेल येतात आणि विभेदन दर इंचाला सुमारे २९० पिक्सेल मिळते. तोच कागद उभा राहून दुरून टिपला आणि त्याने चौकटीचा केवळ एकतृतीयांश भाग व्यापला, तर विभेदन ११४ पर्यंत घसरते. अर्धा मिलीमीटर व्यासाचा अनुस्वार पहिल्या छायाचित्रात सुमारे ६ पिक्सेल रुंद असतो, दुसऱ्यात जेमतेम २ पिक्सेल. दोन पिक्सेलचा ठिपका आणि कागदावरील धुळीचा कण यांत पुढील प्रक्रियेला फरक करता येत नाही.

बहुतेक फोनच्या मुख्य भिंगाने ए४ कागदाला चौकटीचा हा ८५ टक्के भाग व्यापता यावा यासाठी फोन कागदापासून साधारणपणे २५ ते ३० सेमी उंचीवर धरावा लागतो. उरलेला भाग मोकळा ठेवणे आवश्यक असते, कारण कागदाच्या चारही बाजूंना पार्श्वभूमीची पट्टी दिसली तरच कडा ओळखता येतात. दुरून छायाचित्र घेऊन झूम केल्याने तपशील वाढेलच असे नाही. ज्या फोनला स्वतंत्र दूरदर्शी भिंग नाही, त्यात झूम म्हणजे मधला भाग कापून मोठा करणे एवढेच असते. याउलट अतिविस्तृत कोनाचे भिंग वापरल्यास चौकटीच्या कडेजवळच्या सरळ रेषा वाकलेल्या दिसू शकतात. म्हणून मुख्य भिंगच वापरावे आणि फोन जवळ-दूर करून कागद चौकटीत बसवावा.

अस्पष्टतेची कारणे मुख्यतः तीन असतात. भिंगावर बोटांचा तेलकट थर असल्यास सर्व छायाचित्रावर धुरकट पांढुरकेपणा येतो. प्रकाश अपुरा असल्यास कॅमेरा छायाचित्र घेण्यास अधिक वेळ लावतो आणि तेवढ्या वेळात हात हलतो. अशा वेळी अक्षरे एकाच दिशेने पसरलेली दिसतात. कॅमेऱ्याने अंतर चुकीचे धरले असल्यास अक्षरे सर्व दिशांनी सारखीच फिकट होतात. पहिल्यावर स्वच्छ मऊ कापडाने भिंग पुसणे, दुसऱ्यावर प्रकाश वाढवून कोपर टेबलावर टेकवणे आणि तिसऱ्यावर पडद्यावरील मजकुरावर बोट टेकवून कॅमेऱ्याला पुन्हा अंतर धरायला लावणे हे उपाय आहेत.

## प्रकाश

कागदावरील प्रकाशाचे दोन गुण महत्त्वाचे असतात: तो सर्वत्र सारखा असणे आणि त्याचे थेट परावर्तन भिंगात न येणे.

लहान प्रकाशस्रोतापासून मिळणारा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. टेबलावरील दिवा ए४ कागदाच्या डाव्या कडेपासून ३० सेमी अंतरावर असेल, तर उजवी कड त्याच्यापासून ५१ सेमीवर येते आणि तिला डाव्या कडेच्या सुमारे एकतृतीयांश प्रकाश मिळतो. असा कागद एका बाजूला लख्ख पांढरा आणि दुसऱ्या बाजूला राखाडी दिसतो. तोच स्रोत दीड मीटरवर असल्यास दूरच्या कडेला जवळच्या कडेच्या तीनचतुर्थांशाहून अधिक प्रकाश मिळतो. खिडकीसारख्या विस्तृत स्रोताला हा नियम तंतोतंत लागू होत नाही, मात्र तिच्या प्रकाशातील फरक याहूनही सौम्य असतो. म्हणूनच दिवसा खिडकीपासून काही अंतरावर, थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवलेला कागद सर्वांत चांगला टिपला जातो. थेट उन्हात सावल्यांच्या कडा धारदार होतात आणि कागदाचे तंतूही उठून दिसतात.

रात्री छताच्या मध्यभागी असलेल्या दिव्याखाली स्कॅन करताना नेहमी येणारी अडचण म्हणजे फोन व हात यांची सावली. फोन कागदापासून पावणेतीनशे मिलीमीटर उंचीवर, बरोबर कागद आणि दिवा यांच्यामध्ये येतो. यावर उपाय म्हणून कागद दिव्याच्या थेट खाली न ठेवता बाजूला ठेवावा आणि उभे राहताना आपली पाठ दिव्याकडे येणार नाही अशी जागा निवडावी. दोन दिवे उपलब्ध असल्यास ते कागदाच्या दोन विरुद्ध बाजूंना समान अंतरावर ठेवावेत. त्यामुळे एकाची सावली दुसरा पुसट करतो आणि दोन्ही कडांवरील प्रकाश जवळजवळ समान होतो.

चकाकीचा प्रश्न लॅमिनेट केलेल्या गुणपत्रिका, गुळगुळीत कागदावरील प्रमाणपत्रे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतील कागद यांच्या बाबतीत येतो. गुळगुळीत पृष्ठभागावर प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात तो दुसऱ्या बाजूला परावर्तित होतो. फोन कागदाच्या बरोबर वर असताना प्रकाश बाजूने, सुमारे ४५ अंशांच्या कोनात आला, तर त्याचे परावर्तन विरुद्ध बाजूला निघून जाते आणि भिंगात येत नाही. फोनचा फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असल्याने त्याचे परावर्तन सरळ भिंगातच परत येते आणि मजकुराच्या मध्यभागी पांढरा डाग पडतो. या डागाखालचा मजकूर छायाचित्रात नसतोच. त्यामुळे कोणत्याही फिल्टरने तो परत मिळत नाही. कागद पिशवीतून बाहेर काढता येत असल्यास काढूनच स्कॅन करावा.

## पार्श्वभूमी आणि कडांचा शोध

कागदाची कड म्हणजे संगणकाच्या दृष्टीने अशी रेषा, जिच्या दोन्ही बाजूंच्या पिक्सेलच्या उजळपणात एकाएकी फरक पडतो. हे फरक शोधण्याची सर्वांत प्रसिद्ध पद्धत जॉन कॅनी यांनी १९८६ मध्ये मांडली. तिच्यात प्रथम प्रतिमा किंचित धूसर करून बारीक कण दडवले जातात, मग प्रत्येक ठिकाणी उजळपणा किती वेगाने व कोणत्या दिशेने बदलतो हे मोजले जाते, आणि शेवटी ठळक बदलांना जोडलेले क्षीण बदल तेवढे ठेवून इतर टाकले जातात. उरलेल्या रेषांतून चार सरळ बाजूंची मोठी बंद आकृती निवडली की कागद सापडला असे मानले जाते. अलीकडील अनेक ॲपमध्ये हे काम असंख्य छायाचित्रांवरून शिकवलेली प्रतिमाने करतात. तरीही कागद आणि पार्श्वभूमी यांतील फरक ही त्यांचीही मुख्य गरज राहते.

यावरून पार्श्वभूमी कशी असावी हे ठरते. पांढऱ्या फरशीवर किंवा पांढऱ्या चादरीवर ठेवलेल्या पांढऱ्या कागदाच्या कडेवर उजळपणाचा बदल फारच कमी असतो आणि कड हरवते. नक्षीदार चादर, शहाबादी फरशीचे सांधे, टेबलाची कड किंवा वर्तमानपत्राचे रकाने यांत कागदाशी स्पर्धा करणाऱ्या सरळ रेषा असतात आणि चौकट त्यांवर जाऊन बसते. गडद रंगाचे, चकाकी नसलेले आणि एकरंगी कापड टणक पृष्ठभागावर ताणून अंथरल्यास कडा सर्वाधिक खात्रीने सापडतात. स्वयंपाकघरातील कडप्प्याचा ओटा रंगाने योग्य असतो. परंतु तो गुळगुळीत केलेला असल्यास त्यात दिव्याचे प्रतिबिंब दिसते, म्हणून त्यावरही कापड अंथरणे चांगले.

गडद पार्श्वभूमीचा आणखी एक लाभ पातळ कागदांना होतो. पातळ कागदाखाली पांढरा पृष्ठभाग असेल, तर प्रकाश आरपार जाऊन परत येतो आणि मागील बाजूचा मजकूर उलट्या अक्षरांत पुसटसा दिसू लागतो. कागदाखाली काळा कागद ठेवल्यास आरपार गेलेला प्रकाश शोषला जातो आणि मागील मजकूर दबतो.

कडांच्या शोधातील एक फसवी चूक छापील चौकटीमुळे होते. अनेक दाखल्यांवर व प्रमाणपत्रांवर मजकुराभोवती जाड छापील चौकट असते. ती कागदाच्या प्रत्यक्ष कडेपेक्षा अधिक ठळक असल्यामुळे ॲप तिलाच कागदाची कड समजते. तयार झालेली प्रत नीटनेटकी आणि पूर्ण दिसते, मात्र चौकटीबाहेर छापलेला अनुक्रमांक, मुद्रणालयाचा उल्लेख किंवा कडेला मारलेला शिक्का त्यात नसतो. प्रतीत कागदाचा कोरा समास चारही बाजूंना दिसतो का, हे पाहून ही चूक ओळखता येते.

## कापणे आणि सरळ करणे

फोन थोडा तिरका असल्यास आयताकृती कागद छायाचित्रात समलंब चौकोनासारखा दिसतो: जवळची कड लांब आणि दूरची कड आखूड. त्याला पुन्हा आयत बनवणाऱ्या गणिती क्रियेला प्रक्षेपी रूपांतर म्हणतात. छायाचित्रातील `(x, y)` या बिंदूचे सरळ केलेल्या पानावरील स्थान `(X, Y)` पुढील सूत्रांनी मिळते:

```
X = (a·x + b·y + c) / (g·x + h·y + 1)
Y = (d·x + e·y + f) / (g·x + h·y + 1)
```

यात `a` पासून `h` पर्यंत आठ अज्ञात संख्या आहेत. कागदाचा प्रत्येक कोपरा दोन समीकरणे देतो, त्यामुळे चार कोपरे मिळून बरोबर आठ समीकरणे होतात आणि आठही संख्या ठरतात. ॲपच्या पडद्यावर चार कोपऱ्यांवर सरकवता येणारे गोल दिसतात ते याच कारणाने. एक कोपरा चुकला तरी आठही संख्या बदलतात; म्हणजे चूक त्या कोपऱ्यापुरती न राहता संपूर्ण पानावर पसरते आणि ओळी एका बाजूला चढत किंवा उतरत जातात. कोपरा फाटलेला किंवा दुमडलेला असल्यास गोल फाटलेल्या जागी न ठेवता, दोन्ही कडा पुढे वाढवल्यास जेथे मिळतील त्या बिंदूवर ठेवावा लागतो.

रूपांतरामुळे आकार सुधारतो, परंतु तपशील वाढत नाही. तिरक्या छायाचित्रात ए४ कागदाची जवळची आखूड कड २४०० पिक्सेलची आणि दूरची कड १६०० पिक्सेलची असेल, तर सरळ केलेल्या पानावर दोन्ही कडा सारख्याच लांबीच्या दिसतात. प्रत्यक्षात वरच्या ओळींचे विभेदन दर इंचाला १९४ आणि खालच्या ओळींचे २९० असते. वरची अक्षरे ताणलेली आणि मऊ दिसतात. म्हणून फोन कागदाला समांतर धरणे हे ॲप वापरत असतानाही आवश्यक ठरते. काही ॲपमध्ये फोन आडवा समतल झाल्यावर पडद्याच्या मध्यभागी दोन अधिक चिन्हे एकमेकांवर येतात. ती यासाठी उपयोगी पडतात.

प्रमाण बिघडले आहे का हे पाहण्याची सोपी खूण म्हणजे गोल शिक्का. प्रतीत तो लंबगोल झाला असेल, तर पानाची लांबी व रुंदी यांचे गुणोत्तर चुकले आहे. ए४ कागदाची लांबी रुंदीच्या १.४१ पट असते. लीगल कागद ८.५ इंच रुंद व १४ इंच लांब असल्याने त्याचे गुणोत्तर १.६५ भरते, त्यावर ए४ आकाराची सक्ती केल्यास मजकूर दबतो किंवा कडेला रिकाम्या पट्ट्या राहतात.

हे रूपांतर कागद सपाट आहे असे गृहीत धरते. घडीच्या कागदाला एकाहून अधिक पातळ्या असतात आणि जाड पुस्तकाचे पान शिवणीजवळ वळलेले असते. अशा ठिकाणी चार कोपरे अचूक असूनही ओळी मधेच वाकतात. घडी पडलेला कागद दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून जड पुस्तकांखाली एक रात्र दाबून ठेवल्यास हा दोष बराच कमी होतो.

## फिल्टरची निवड

सरळ केलेल्या पानावर ॲप सहसा तीन प्रकारचे फिल्टर देते: रंगीत, राखाडी आणि कृष्णधवल. रंगीत व राखाडी फिल्टरमध्ये ॲप कागदाच्या पृष्ठभागाचा उजळपणा ठिकठिकाणी किती आहे याचा अंदाज घेते आणि त्या प्रमाणात प्रत्येक भाग उजळ करते. हळूहळू बदलणारा प्रकाश यामुळे एकसारखा होतो. सावलीची धारदार कड मात्र अंदाजात बसत नाही आणि रेषेच्या रूपाने शिल्लक राहते.

कृष्णधवल फिल्टर प्रत्येक पिक्सेलला पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा ठरवतो. त्यासाठी उजळपणाची एक सीमा लागते. नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीने संपूर्ण प्रतिमेसाठी एकच सीमा काढली जाते. पानाच्या कोपऱ्यात सावली असेल, तर तो सगळा कोपरा सीमेखाली जाऊन काळा होतो. दुसऱ्या प्रकारच्या पद्धती प्रत्येक पिक्सेलची तुलना त्याच्या शेजाऱ्यांच्या सरासरीशी करतात. त्यांना सावलीची बाधा कमी होते, परंतु कागदाचा पोत आणि मागील बाजूची उमटलेली शाई काळ्या ठिपक्यांच्या रूपाने वर येते. अशा ठिपक्यांमुळे मुळात नसलेला अनुस्वारही अक्षरावर दिसू शकतो.

लेझर प्रिंटरवर छापलेल्या काळ्या मजकुरासाठी कृष्णधवल फिल्टर योग्य असतो आणि फाइलही लहान होते. फिकट निळी शाई, जांभळा शिक्का किंवा पेन्सिलीची नोंद असलेल्या कागदासाठी तो धोक्याचा आहे, कारण सीमेच्या वरची प्रत्येक खूण कायमची पांढरी होते. शिक्का व सही असलेले सर्व दस्तऐवज रंगीत ठेवणे इष्ट असते.

## पीडीएफ फाइल

पीडीएफ हे स्वरूप ॲडोबी या कंपनीने १९९३ मध्ये प्रसिद्ध केले आणि २००८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये प्रत्येक पान म्हणजे ठरावीक मापाच्या कोऱ्या पृष्ठावर बसवलेली एक प्रतिमा असते. त्यामुळे फाइलचा आकार या प्रतिमेतील पिक्सेलची संख्या आणि तिच्या संक्षेपणाचे प्रमाण यांवर ठरतो.

अर्जाच्या संकेतस्थळावर आकाराची मर्यादा असल्यास फाइल लहान करावी लागते. विभेदन निम्मे केल्यास लांबी व रुंदी दोन्ही निम्म्या होतात आणि पिक्सेलची संख्या एकचतुर्थांश उरते. ए४ पानावर दर इंचाला ३०० विभेदनाने सुमारे ८७ लाख पिक्सेल असतात, २०० विभेदनाने सुमारे ३९ लाख. म्हणून प्रथम विभेदन २०० पर्यंत आणावे, ते पुरेसे न झाल्यास संक्षेपण वाढवावे. संक्षेपण अति झाल्याची खूण म्हणजे अक्षरांभोवती दिसणारे लहान चौकोनी डाग. जेपेग पद्धत प्रतिमेचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करून काम करते आणि माहिती फार कमी केली की त्या तुकड्यांच्या कडा दिसू लागतात. स्कॅन दुसऱ्यास पाठवताना संदेश ॲपमधून छायाचित्र म्हणून पाठवल्यास त्याचे पुन्हा संक्षेपण होते. पीडीएफ दस्तऐवज म्हणून पाठवल्यास ते होत नाही.

## उदाहरण: जुना शाळा सोडल्याचा दाखला

चार घड्या घातलेला, पिवळसर पडलेला, ८.५ × १३ इंचांच्या कागदावरील शाळा सोडल्याचा दाखला घेतला, तर वरील बहुतेक अडचणी एकत्र भेटतात. छापील चौकटीच्या आत निळ्या शाईने भरलेले नाव व जन्मतारीख, चौकटीबाहेर वरच्या कोपऱ्यात दाखल्याचा क्रमांक आणि खाली मुख्याध्यापकांच्या सहीवर जांभळा गोल शिक्का अशी त्याची रचना असते.

रात्री छताच्या दिव्याखाली, फुलाफुलांच्या चादरीवर ठेवून आणि कृष्णधवल फिल्टर लावून केलेल्या स्कॅनमध्ये पुढील दोष येतात. चादर मऊ असल्याने घड्या उठलेल्या राहतात आणि प्रत्येक घडीची काळी रेघ मजकुरावरून जाते. चादरीच्या नक्षीमुळे कागदाची खरी कड सापडत नाही, म्हणून ॲप छापील चौकट धरते आणि दाखल्याचा क्रमांक कापला जातो. फोनची सावली पडलेला भाग काळवंडतो. शिक्का तुटक होतो आणि निळ्या शाईतील अनुस्वार गळतात.

याच दाखल्याची चांगली प्रत मिळवण्यासाठी तो आदल्या रात्री पुस्तकांखाली दाबून ठेवावा. सकाळी खिडकीपासून सुमारे दीड मीटरवर, ऊन नसलेल्या जागी टेबलावर गडद एकरंगी कापड ताणून अंथरावे आणि दाखला असा ठेवावा की प्रकाश त्याच्या लांब बाजूकडून येईल. भिंग पुसून, फ्लॅश बंद करून, फोन सुमारे ३० सेमी उंचीवर कागदाला समांतर धरावा. कागदाने चौकटीच्या लांबीचा ८५ टक्के भाग व्यापला, तर १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने दर इंचाला सुमारे २६० पिक्सेल मिळतात. आपोआप छायाचित्र घेण्याची सोय बंद ठेवल्यास चौकट योग्य जागी आली आहे हे पाहून स्वतः कळ दाबता येते.

छायाचित्र घेतल्यावर चारही गोल छापील चौकटीवरून कागदाच्या प्रत्यक्ष कोपऱ्यांवर सरकवावेत. रंगीत फिल्टर निवडावा. कागदाचा पिवळेपणा थोडा राहिला तरी हरकत नसते, कारण तो पूर्ण घालवताना फिकट शाईही जाते. पृष्ठाचे माप ए४ न ठेवता मूळ प्रमाणात ठेवावे आणि जतन करताना विभेदन २०० पेक्षा कमी करू नये. शेवटी फाइल उघडून, पान मोठे करून, मूळ कागद शेजारी ठेवून चार गोष्टी ताडून पाहाव्यात: दाखल्याचा क्रमांक पूर्ण आहे का, शिक्का गोल आहे का, नावातील प्रत्येक अनुस्वार व रफार दिसतो का आणि जन्मतारखेचा प्रत्येक अंक निःसंशय वाचता येतो का. यांपैकी एकही गोष्ट संशयास्पद असल्यास फिल्टर बदलत बसण्यापेक्षा छायाचित्र पुन्हा घेणे अधिक फलदायी ठरते.

## मर्यादा

स्कॅन केलेली पीडीएफ ही मजकुराची प्रतिमा असते. अक्षर ओळखण्याची स्वतंत्र प्रक्रिया केल्याशिवाय तिच्यात शब्द शोधता येत नाही किंवा मजकूर निवडता येत नाही. जुन्या हस्तलिखित नोंदींच्या बाबतीत ही प्रक्रिया वारंवार चुकते.

अंकीय स्वाक्षरी असलेल्या दस्तऐवजाची छापील प्रत पुन्हा स्कॅन केल्यास स्वाक्षरीचे केवळ चित्र उरते आणि तिची संगणकीय पडताळणी होऊ शकत नाही. अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उतारा किंवा डिजीलॉकरमधील गुणपत्रिका उपलब्ध असल्यास मूळ फाइलच सादर करणे योग्य असते.

काही ॲप प्रतिमा प्रक्रियेसाठी किंवा साठवणुकीसाठी स्वतःच्या सर्व्हरवर पाठवतात. दस्तऐवजावर जन्मतारीख, पत्ता किंवा बँकेचा तपशील असल्यास फोनमध्येच काम पूर्ण करणारी सोय वापरणे अधिक सुरक्षित असते. ॲपल कंपनीने २०१७ मध्ये आयओएस ११ या आवृत्तीपासून नोट्स ॲपमध्ये स्कॅनिंगची सोय अंतर्भूत केली. अँड्रॉइड फोनवर गूगल ड्राइव्ह ॲपमध्ये ती मिळते, मात्र त्यात तयार झालेली फाइल वापरकर्त्याच्या ड्राइव्ह खात्यात साठवली जाते. एकेकाळी भारतात मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे कॅमस्कॅनर हे ॲप भारत सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातलेल्या ५९ ॲपपैकी एक होते.